मोजायच्या आधी बघा : ‘गो’मधली सेकी आणि चार खड्यांचा वाद



आमच्या कवठे महांकाळ भागात द्राक्षाच्या पेट्यांचा पुठ्ठा कुठंही मिळतो. त्या पुठ्ठ्यावर नऊ आडव्या आणि नऊ उभ्या रेघा मारल्या की ‘गो’चा छोटा पट तयार होतो. काळ्या बाजूला चिंचोके, पांढऱ्या बाजूला गारेचे खडे. खर्च शून्य. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास मी तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर हा खेळ खेळते.

मागच्या वर्षी या तासाला माझ्या हातून एक चूक झाली. डाव संपला होता, दोघांनीही ‘पास’ म्हटलं होतं. चिंचोके घेतलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्याचे वरचे चार खडे मेलेत. त्यांना दोनच मोकळ्या जागा आहेत." मी वाकून पाहिलं. चार खडे चिंचोक्यांच्या कोंडाळ्यात होते, एकही डोळा नव्हता. मी ‘बरोबर’ म्हणाले आणि स्वतःच्या हाताने ते चार खडे उचलून तिच्या बाजूला ठेवले. मोजणी केली, मुलगी सहा गुणांनी जिंकली.

पांढरा खेळणारा मुलगा गप्प बसून होता. तास संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, माझे खडे मेले कधी? तिनं उचललेच न्हाईत. तुम्हीच उचलले."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते खडे मेलेले नव्हतेच. ती ‘सेकी’ होती, आणि खरं तर तो मुलगा चार गुणांनी जिंकला होता. मला हे दोन दिवसांनी कळलं, मोबाइलमध्ये काढलेला पटाचा फोटो पुन्हा पाहताना. सोमवारी दोघांना बसवून निकाल बदलला. पण तोवर त्या मुलाने शनिवार-रविवार हरल्यासारखा घालवला होता.

‘गो’ शिकवणारे बरेच जण म्हणतात की सेकी हा पुढचा विषय आहे, लहान मुलांना तो नको. माझं मत उलटं आहे. ज्या दिवशी मुलांना शेवटची मोजणी शिकवायची, त्याच दिवशी सेकी शिकवली पाहिजे. नाहीतर मोजणी शिकवूच नये. असं का, ते त्याच डावावरून सांगते.

आधी थोडे नियम

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खडे चौकोनात नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या फुलीवर ठेवायचे. नऊ बाय नऊच्या पटावर ८१ फुल्या. काळा पहिला खेळतो, मग आळीपाळीने एकेक खडा. ठेवलेला खडा हलवायचा नाही.

खड्याला लागून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जी मोकळी फुली असते तिला आम्ही वर्गात ‘श्वास’ म्हणतो. तिरकी फुली धरायची नाही. एकमेकांना लागून असलेल्या एकाच रंगाच्या खड्यांची साखळी होते आणि त्या साखळीचे श्वास सामाईक असतात. समोरच्याने शेवटचा श्वास बंद केला की अख्खी साखळी पटावरून उचलली जाते. आपला खडा ठेवून आपल्याच साखळीचा शेवटचा श्वास बंद करता येत नाही, त्या खेळीने समोरचे खडे उचलले जात असतील तरच चालतं.

साखळीच्या पोटात मोकळी जागा राखलेली असेल तर तिला डोळा म्हणतात. वेगवेगळे दोन डोळे असले तर समोरच्याला एका खेळीत दोन्ही बुजवता येत नाहीत, म्हणून ती साखळी कायमची जिवंत. एवढं साधारण सगळेच शिकवतात. यातून मुलं एक वाक्य पाठ करतात : ‘दोन डोळे असले तर जिवंत, नसले तर मेला.’ माझाही घोळ याच वाक्याने केला. या वाक्याचा पहिला भाग खरा आहे, दुसरा नेहमी खरा नसतो.

तो डाव

हा त्या दिवशीचा पट. समजायला सोपं जावं म्हणून काही सीमा सरळ केल्या आहेत, आकडे तेच ठेवले आहेत. ● म्हणजे काळा, ○ म्हणजे पांढरा, बिंदू म्हणजे मोकळी फुली. × या दोन फुल्याही मोकळ्याच आहेत, फक्त लक्ष जावं म्हणून खूण केली आहे.

```
   क ख ग घ च छ ज झ ट
१  · ● ○ × ● ○ · · ·
२  · ● ○ × ● ○ · · ·
३  · ● ○ ○ ● ○ · ○ ·
४  · ● ● ● ○ ○ · · ·
५  · · · ● ● ○ · · ·
६  · ● · · ● ○ · · ·
७  · · · · ● ○ · ○ ·
८  · · ● · ● ○ · · ·
९  · · · · ● ○ · · ·
```

वरच्या बाजूला मध्यभागी बघा. पांढऱ्याची चार खड्यांची साखळी आहे : ग१, ग२, ग३ आणि घ३. तिच्या डावीकडे आणि खाली काळ्याची भिंत. तिला लागूनच काळ्याची तीन खड्यांची साखळी आहे : च१, च२, च३. तिच्या उजवीकडे आणि खाली पांढऱ्याची भिंत. म्हणजे पांढरे चार काळ्याच्या कोंडीत आणि काळे तीन पांढऱ्याच्या कोंडीत. दोघांनाही डोळा नाही. पांढऱ्या चारांचे श्वास किती? घ१ आणि घ२. काळ्या तिघांचे? तेच दोन, घ१ आणि घ२.

मुलीने पांढऱ्यांचे श्वास मोजले, ‘दोनच’ म्हणाली, आणि मीही तेवढंच पाहिलं. आम्ही दोघींनीही शेजारच्या तीन काळ्यांचे श्वास मोजले नाहीत.

आता समजा काळ्याला ते चार खडे खरोखर उचलायचे आहेत. त्याला घ१ आणि घ२ दोन्ही बंद करावे लागतील. तो घ२ वर चिंचोका ठेवतो. पांढऱ्या चारांना आता एकच श्वास उरला, घ१. पण काळ्याच्या स्वतःच्या साखळीलाही, जी आता चार खड्यांची झाली, तोच एक श्वास उरला. पाळी पांढऱ्याची. तो घ१ वर खडा ठेवतो आणि काळ्याचे चारही उचलतो. काळ्याने आधी घ१ वर ठेवला असता तर पांढऱ्याने घ२ वर ठेवून हेच केलं असतं.

आता उलट बघा. पांढरा आधी घ१ वर खेळला तर त्याचे पाच खडे होतात, श्वास एक, आणि काळा घ२ वर खेळून पाचही उचलतो. म्हणजे जो आधी हात घालेल त्याचेच खडे जातात. म्हणून शहाणा खेळाडू तिथे हातच घालत नाही. दोघेही त्या दोन फुल्या तशाच ठेवतात, डाव संपेपर्यंत. यालाच सेकी म्हणतात. शब्द जपानी आहे. चिनी भाषेत याला ‘श्वांग-हुओ’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘दोन्ही जिवंत’. मुलांना मी तो चिनी अर्थच आधी सांगते, कारण त्यात सगळं आलं.

आमच्याकडच्या मुलांना हे पटकन कळतं ते सामाईक बांधावरून. दोन शेतांच्या मधला बांध दोघांचा. जो आधी नांगर घालेल तो अडचणीत येणार, म्हणून दोघेही सोडून देतात. उदाहरण इथपर्यंतच घ्यावं. शेतात बांध कोरणारे कोरतातच. पटावर मात्र कोरणाऱ्याला लगेच पुढच्याच खेळीत किंमत मोजावी लागते.

इथे आणखी एक नियम लक्षात आणून द्यावा लागतो. बुद्धिबळात किंवा वाघ-बकरीत पाळी आली की खेळावंच लागतं. ‘गो’मध्ये ‘पास’ म्हणता येतं. पास नसता तर दुसरीकडच्या जागा संपल्यावर कुणाला तरी घ१ किंवा घ२ वर खेळावंच लागलं असतं आणि सेकी टिकली नसती. ज्या मुलांना पास करणं म्हणजे हरणं वाटतं, ती इथे हमखास स्वतःचे खडे मारून घेतात.

सेकी ओळखायची कशी

मी आता वर्गात तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते. ज्या दोन साखळ्या एकमेकींना कोंडून बसल्या आहेत, त्या दोन्हींना हे प्रश्न विचारायचे. एकीलाच विचारले तर माझ्यासारखी चूक होते.

पहिला प्रश्न : कुणाला डोळा आहे का? एकीला दोन डोळे असतील तर प्रश्नच मिटला, ती जिवंत. एकीला एक डोळा आहे आणि दुसरीला एकही नाही, तर बहुतेक वेळा डोळेवाली जिंकते. कारण डोळा हा तिचा एकटीचा श्वास असतो, आणि समोरच्याला आधी सगळे सामाईक श्वास बुजवावे लागतात, म्हणजे स्वतःचाच गळा आवळावा लागतो.

दुसरा प्रश्न : बाहेरचे श्वास आहेत का? म्हणजे दोघींमध्ये सामाईक नसलेली, एकीलाच लागून असलेली मोकळी फुली. वरच्या पटावर एक छोटा बदल करून बघा. छ१ वरचा पांढरा खडा काढा. आता काळ्या तिघांना तीन श्वास झाले : घ१, घ२ आणि छ१. पांढऱ्या चारांना दोनच. पाळी काळ्याची असेल तर तो घ२ वर खेळतो. पांढऱ्याला उरतो एक श्वास, घ१. काळ्याला उरतात दोन, घ१ आणि छ१. पांढरा घ१ वर खेळू शकत नाही, कारण तिथे ठेवल्यावर त्याचा स्वतःचा शेवटचा श्वास बंद होतो आणि काळ्याचा छ१ अजून उघडा असतो. पुढच्या खेळीत काळा घ१ वर ठेवून चारही खडे उचलतो. म्हणजे ही सेकी नव्हती! पण पाळी पांढऱ्याची असेल तर तो छ१ वर ठेवतो, बाहेरचा श्वास बंद करतो, आणि तेव्हा सेकी होते.

हा भाग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो, कारण एका खड्याने सगळं चित्र बदलतं. आणि मोजणीच्या दृष्टीनेही हाच भाग महत्त्वाचा. ‘सेकी आहे’ असं म्हणून दोघं पास करतात, आणि बाहेरचा एक श्वास उघडाच राहिलेला असतो, असं फार वेळा होतं. म्हणून बाहेरचे श्वास शून्य झालेत का, हे बोट ठेवून मोजायला लावायचं. नुसतं बघून सांगायचं नाही.

तिसरा प्रश्न : सामाईक श्वास किती? दोघींनाही डोळा नसेल तर निदान दोन सामाईक श्वास लागतात. एकच असेल तर ज्याची पाळी तो तिथे खेळून समोरच्याला उचलतो. दोघींनाही प्रत्येकी एका फुलीचा एकेक डोळा असेल तर मात्र एकच सामाईक श्वास पुरतो. तिथेही जो आधी तो बुजवतो त्याच्याकडे फक्त आपला डोळा उरतो, आणि समोरचा त्या डोळ्यात खडा ठेवून त्याला उचलतो.

हे तीन प्रश्न झाले की एकदा बाहेरच्या भिंतीही बघायच्या. आपल्या पटावर डावीकडची काळी भिंत आणि उजवीकडची पांढरी भिंत, दोघींकडे भरपूर जागा आहे, दोन डोळे सहज होतात. भिंत पक्की आहे म्हणून सेकी पक्की आहे. उद्या उजवीकडची पांढरी भिंतच मेली तर काळ्या तिघांची कोंडी सुटते आणि पांढरे चार मरतात. म्हणजे सेकी दोन साखळ्यांमध्ये असली तरी तिचा पाया बाहेर असतो.

आता मोजणी

मोजायच्या दोन पद्धती सगळीकडे चालतात. त्या दिवशी मी जपानी पद्धत वापरली होती. त्यात आपण वेढलेल्या मोकळ्या फुल्या आणि पकडलेले खडे मोजायचे. पटावर उभे असलेले आपले खडे मोजायचे नाहीत.

त्या पद्धतीने बघू. काळ्याने वेढलेल्या मोकळ्या फुल्या २१. पांढऱ्याने वेढलेल्या २५. डावात आधी कुणीच कुणाचा खडा उचलला नव्हता. घ१ आणि घ२ ला दोन्ही रंग लागून आहेत, म्हणून त्या कुणाच्याच नाहीत. सेकीतल्या चार पांढऱ्यांना आणि तीन काळ्यांना काहीही मिळत नाही, आणि त्यांच्यासाठी काही कापलंही जात नाही. निकाल : पांढरा चार गुणांनी विजयी.

मी काय केलं होतं? पांढरे चार मेलेले धरून उचलले. त्यामुळे काळ्याला त्या चार फुल्या आणि दोन सामाईक फुल्या मिळून सहा जागा मिळाल्या, वर चार कैदी. २१ मध्ये दहा मिळवून ३१. पांढऱ्याचे २५. काळा सहा गुणांनी विजयी. म्हणजे एका चुकीच्या उचलण्याने दहा गुण इकडचे तिकडे झाले आणि जिंकणारा हरला.

आणि त्या मुलाने उलटा दावा केला असता, ‘हिचेच तीन मेलेत’ म्हणून, आणि मी तो मान्य केला असता तर? त्याला तीन अधिक दोन अशा पाच जागा आणि तीन कैदी, म्हणजे आठ गुण जास्त मिळाले असते. ३३ विरुद्ध २१. एकच पट, तीन निकाल : काळा सहाने, पांढरा चारने, पांढरा बाराने. सेकी ‘पुढचा विषय’ आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे तीन आकडे दाखवते. पुढचा विषय असा पहिल्याच डावाचा निकाल ठरवत नसतो.

दुसरी पद्धत चिनी. तिच्यात आपले पटावरचे जिवंत खडे आणि आपण वेढलेल्या फुल्या, दोन्ही मोजायचे. कैदी मोजायचे नाहीत. सेकीतले खडे जिवंत असतात, म्हणून इथे ते मोजले जातात. काळ्याचे पटावर १७ खडे आणि २१ फुल्या, एकूण ३८. पांढऱ्याचे १६ खडे आणि २५ फुल्या, एकूण ४१. दोन सामाईक फुल्या दोघांना एकेक वाटून दिल्या तर ३९ आणि ४२. कसंही केलं तरी पांढरा तीन गुणांनी विजयी.

जपानीत चार आणि चिनीत तीन, हा एकाचा फरक सेकीमुळे आलेला नाही. काळ्याने पहिली आणि शेवटची अशा दोन्ही खेळी केल्या, म्हणून त्याचा एक खडा जास्त पडला आणि चिनी पद्धतीत तो मोजला गेला. मुलांनी विचारलं तर एवढंच सांगावं.

पण काही सेकी अशा असतात की पद्धतीमुळे खरा फरक पडतो. जपानी गो संघटनेचे नियम १९४९ मध्ये लेखी झाले आणि १९८९ मध्ये सुधारले गेले. त्यात स्पष्ट आहे की सेकीत असलेल्या साखळीच्या डोळ्यातली जागा मोजायची नाही. चिनी पद्धतीत ती मोजतात. दोघांनाही एकेक डोळा असेल तर फरक कटून जातो. पण मोठ्या पटावर कधी एक बिनडोळ्याची काळी साखळी दोन पांढऱ्या साखळ्यांच्या मधे अडकते. प्रत्येक पांढरीला एका फुलीचा एक डोळा असतो, आणि प्रत्येकीबरोबर काळ्याचा एक सामाईक श्वास असतो. तिथेही आधी हात घालणारा मरतो, म्हणून सेकी. चिनी मोजणीत पांढऱ्याला दोन डोळ्यांचे दोन गुण मिळतात, जपानीत शून्य. दोन गुणांनी निकाल फिरणारे डाव कमी नसतात. म्हणून कोणत्या पद्धतीने मोजणार हे डाव सुरू व्हायच्या आधी ठरवायचं, संपल्यावर नाही.

शाळेसाठी चिनी मोजणी का

इथे माझं दुसरं मत येतं, आणि यावर शिक्षकांमध्ये मतभेद होतील हे मला माहीत आहे. जपानी मोजणी सोपी वाटते, कारण मोजायला कमी असतं. तरीही शाळेत चिनीच वापरावी, असं मी आता ठामपणे म्हणते. याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण भांडणाचं. जपानी पद्धतीत ‘हे मेले, हे जिवंत’ हे दोघांनी मान्य करायचं असतं. मान्य झालं नाही तर खेळून दाखवायला जावं, तर स्वतःच्या वेढलेल्या जागेत ठेवलेला प्रत्येक खडा आपलाच एक गुण कमी करतो. मोठ्या खेळाडूंसाठी त्याचे वेगळे नियम आहेत, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते सांगता येत नाहीत. मग शेवटी सगळे मॅडमकडे बघतात, आणि मॅडम चुकतात. चिनी पद्धतीत आपल्या जागेत खडा ठेवला तर एक फुली जाते आणि एक खडा येतो, गुण तेवढेच राहतात. म्हणून वाद झाला की मी एकच वाक्य म्हणते : "मेलेत म्हणतीस ना? मग उचलून दाखव."

त्या सोमवारी मी त्या दोघांना हेच सांगितलं. पट पुन्हा मांडला. मुलीने हसत हसत घ२ वर चिंचोका ठेवला. मुलाने घ१ वर खडा ठेवला आणि तिचे चार चिंचोके उचलले. ती बघतच राहिली. चिनी मोजणीने आता काळ्याचे ३५ आणि पांढऱ्याचे ४६ झाले. तिने हात घातला नसता तर ती तीनने हरली असती, हात घातला म्हणून अकराने हरली. "आगं बया, मी गप बसले असते तर बरं झालं असतं की!" असं ती म्हणाली. सेकीची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

दुसरं कारण गणिताचं. चिनी मोजणीत दोघांची बेरीज पटाच्या फुल्यांइतकी यावी लागते. नऊच्या पटावर ८१. आपल्या डावात ३८ अधिक ४१ म्हणजे ७९. दोन कमी पडले. ते दोन कुठे गेले, हे मुलांनीच शोधायचं. एकतर मोजताना चूक झाली, किंवा सीमेवर एखादी फुली रिकामी राहिली, किंवा तिथे सेकी आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना बेरजेचा पडताळा घ्यायला आपण वर्षभर सांगतो. इथे तो पडताळा त्यांना स्वतःला हवा असतो, कारण निकाल त्याच्यावर आहे. जपानी पद्धतीत असा ताळा मिळत नाही. २१ आणि २५ बघून कुठे चुकलं ते कळत नाही.

काही सहकाऱ्यांचे आक्षेप

एक बाई म्हणाल्या, "सुरुवातीला फक्त ‘पहिला खडा उचलेल तो जिंकला’ असाच खेळ घ्यावा, मोजणी कशाला?" सुरुवातीचे तीन-चार तास मीही तसंच घेते. त्या खेळात सेकीचा प्रश्न येत नाही, कारण मोजायचंच नसतं. पण मुलांना लवकरच पूर्ण डाव हवा असतो, आणि तेव्हा मोजणी येते. तेव्हा सेकी टाळता येत नाही. त्या पटावर ती होवो न होवो, ‘ही सेकी तर नाही ना’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरा आक्षेप जास्त योग्य आहे. एका पालकांनी विचारलं, "लहान मुलाला ‘मेला’ आणि ‘जिवंत’ यातला फरकच नीट कळत नसताना हा तिसरा प्रकार सांगितला तर गोंधळ होणार नाही का?" होतो, पहिल्या तासाला होतोच. काही मुलं सेकी शिकल्यावर दोन आठवडे सगळ्यालाच सेकी म्हणतात. मेलेल्या खड्यांनाही. पण तो गोंधळ पटावर सुटतो, कारण त्यांना उचलून दाखवता येतं. ‘दोन डोळे नसले तर मेला’ हे चुकीचं वाक्य एकदा पक्कं झालं की ते काढायला जास्त वेळ लागतो. माझ्या डोक्यातून काढायला किती वेळ लागला ते वर सांगितलंच आहे.

उद्या वर्गात करायचं असेल तर

वर दिलेला पट मांडायला पूर्ण खेळ लागत नाही. फक्त वरच्या चार ओळी मांडा. दोन-दोनच्या जोड्या करा. आधी काळ्याने हात घालायचा, काय होतं ते बघायचं. पट परत मांडायचा. मग पांढऱ्याने हात घालायचा. पुन्हा परत मांडायचा. मग छ१ वरचा खडा काढून, पाळी काळ्याची आणि पाळी पांढऱ्याची असं दोन्ही बघायचं. चार मांडण्या, वीस-पंचवीस मिनिटं. या वेळात आपण बोलायचं नाही. फक्त प्रत्येक मांडणीच्या आधी एकच प्रश्न : "दोघांचेही श्वास मोजले का?" मुलं ‘हो’ म्हणतात. मग बोट ठेवून मोजायला लावायचं.

शेवटी पूर्ण पट मांडून चिनी पद्धतीने मोजायचा आणि ८१ चा ताळा घ्यायचा. ज्या जोडीला दोन कमी आले आणि ते घ१, घ२ म्हणून सापडले, त्या जोडीला सेकी कळली असं मी धरते.

माझ्या वर्गात आता एक नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला आहे : पटावरचा खडा फक्त खेळणारा उचलेल, मॅडम नाही. हा नियम त्या मुलाने सांगितला, मी फक्त लिहिला.

तुमच्या वर्गात किंवा घरी हा पट मांडून बघितलात तर मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.